चांद्यात लोखंड, कोळसा, पाणी सगळं आहे, तरी पोलाद कारखाना जमशेदपूरला आणि डोलवीला का?

वर्धाकाठ · शनि, रात्री ९:४२

मी मूळचा वरोऱ्याचा, सध्या नागपुरात. पुतणीच्या भूगोलाच्या वहीत वाचलं, 'लोह-पोलाद उद्योग कच्च्या मालाजवळ स्थापन होतो.' ठीक आहे. मग आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीचं, म्हणजे जुन्या चांदा जिल्ह्याचं काय? लोहाऱ्याला लोखंडाचा डोंगर, सुरजागडला त्याहून मोठा, वरोरा-बल्लारपूरला इंग्रजांच्या काळापासून कोळशाच्या खाणी, वर्धा-वैनगंगेला पाणी. तिन्ही गोष्टी शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत. पण मोठा कारखाना उभा राहिला तो तिकडे जमशेदपूरला. आणि महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा कुठे, तर पेणजवळ डोलवीला, जिथे ना खाण आहे ना कोळसा.

माझं मत सरळ आहे: विदर्भाच्या वाट्याला नेहमीसारखी उपेक्षा. कोणाकडे याहून वेगळं कारण असेल तर सांगा, ऐकायची तयारी आहे.

पेणकर · शनि, रात्री १०:०५

डोलवीचं नाव निघालं म्हणून लिहितो. वडखळ नाक्यावरून कधी गेलायत का? ट्रेलर, कॉइल लादलेल्या गाड्या आणि त्यात आपला लाडका मुंबई-गोवा महामार्ग. कारखाना चांद्याला नेणार असाल तर आमची हरकत नाही, फक्त ट्रेलर पण न्या :)

सहज_विचारलं · शनि, रात्री १०:३१

किनाऱ्यावर कारखाने जातात याचं कारण सोपं आहे. पोलादाला प्रचंड पाणी लागतं, समुद्राचं पाणी फुकट आणि अमर्याद. नदीकाठी पाण्यासाठी शेतकऱ्यांशी भांडण होतं, समुद्राशी कोण भांडणार? शिवाय निर्यात करायला बरं.

भट्टीवाला · रवि, सकाळी ७:१८

वर्धाकाठ, तुमचा प्रश्न जमशेदजी टाटांनाही पडला होता, आणि तोही चांद्याबद्दलच.

१८८२ साली फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन भूगर्भतज्ज्ञाचा अहवाल त्यांच्या हाती पडला. त्यात लोहाऱ्याच्या खनिजाची तारीफ होती आणि जवळच वरोऱ्याची खाण. टाटांची एम्प्रेस मिल तेव्हा नागपुरात सुरू झालेलीच होती, म्हणजे हा मुलूख त्यांच्या ओळखीचा. त्यांनी वरोऱ्याच्या कोळशाची चाचणी करवली. निकाल आला, या कामाचा नाही. त्यात खाणकामाचे सरकारी नियमही जाचक होते, आणि विषय मागे पडला. १८९९ मध्ये नियम सैल झाल्यावर त्यांनी पुन्हा चांद्यापासूनच सुरुवात केली. वेल्ड नावाचा अमेरिकन भूगर्भतज्ज्ञ, दोराबजी टाटा आणि शापुरजी सकलातवाला बैलगाडीने या रानात फिरले. तरी जुळलं नाही. तेव्हा उपेक्षा म्हणाल तर निदान टाटांकडून नाही झाली. त्यांची पहिली पसंती तुमचाच जिल्हा होता.

अडलं ते कोळशावर. 'कोळसा आहे' हे वाक्य भट्टीपुढे अपुरं पडतं. लोखंड वितळवणाऱ्या ब्लास्ट फर्नेसमध्ये वरून कोळसा घालत नाहीत, कोक घालतात. काही कोळसे असे असतात की हवाबंद चुलाणात तापवले की आधी मऊ होतात, फुगतात आणि मग घट्ट होऊन सच्छिद्र, कडक ढेकूळ बनतात. तो कोकिंग कोळसा. झारखंडातल्या झरियाला तो मिळाला. वर्धा खोऱ्यातला कोळसा तापवला तर ढेकूळ होत नाही, त्याचा चुरा होतो. वीज करायला उत्तम, म्हणून तुमच्याकडे एवढं मोठं औष्णिक केंद्र आहे. भट्टीला निरुपयोगी.

वर्धाकाठ · रवि, सकाळी ८:०२

काका, हे माहीत नव्हतं. पण चुरा झाला तर बिघडतं काय? जळायचंच आहे ना शेवटी?

भट्टीवाला · रवि, सकाळी ८:५०

जळणं हे त्याचं अर्धंच काम. उरलेलं अर्धं म्हणजे ओझं पेलणं.

भट्टीत वरून खनिज, कोक आणि चुनखडी थरावर थर टाकतात. पंचवीस-तीस मीटर उंचीचा तो ढीग सावकाश खाली सरकतो, आणि खालून तोट्यांमधून हजार अंशांच्या वर तापलेली हवा दाबाने आत सोडतात. खनिज खाली येता येता मऊ पडतं आणि वितळतं. त्या पट्ट्यात घन राहतो तो फक्त कोक. वरचं ओझं तोच पेलतो आणि वायूला वर जायला वाटही त्याच्याच ढेकळांमधून मिळते. कोक चुरला की वाट बंद.

हे कंट्रोल रूममध्ये कसं कळतं ते सांगतो. हवेचा दाब चढायला लागतो, आणि माल किती खाली उतरला हे दाखवणारी रेघ सरळ होते, म्हणजे माल उतरायचा थांबला. आम्ही म्हणायचो 'भट्टी लटकली'. हवा कमी करायची, वाट पाहायची. मग एकदम सगळा ढीग धाडकन खाली येतो. त्या वेळी वर उभं राहू नये. तोटीच्या मागे निळ्या काचेचं छोटं भोक असतं, त्यातून आत पाहिलं की चांगल्या दिवशी कोकचे तुकडे लख्ख उजेडात नाचताना दिसतात. भोकातला नाच मंदावला आणि काळपट सावल्या सरकायला लागल्या की जुना फोरमन पॅनेल न बघता सांगायचा, कोक खराब आलाय.

माझी नोकरी आधी भिलाई, नंतर विशाखापट्टणम. म्हणजे एक खाणीजवळचा आणि एक किनाऱ्यावरचा. दोन्हींचं सुखदुःख पाहिलंय.

आणि भिलाईची गंमत ऐका. चांद्याचं जमेना तेव्हा दोराबजी नागपूरला कोणा साहेबाची वाट पाहत असताना समोरच्या संग्रहालयात शिरले, आणि तिथल्या भूगर्भ नकाशात दुर्ग जिल्ह्यात त्यांना लोखंडाची खूण दिसली, अशी हकीकत सांगतात. ती जागा म्हणजे डल्ली-राजहरा. वेल्ड तिथे गेले, खनिज अप्रतिम होतं, पण हाताशी कोकिंग कोळसा नाही आणि पाण्याचीही खात्री नाही, म्हणून सोडून दिलं. मग १९०४ मध्ये भूगर्भतज्ज्ञ प्रमथनाथ बोस यांचं पत्र आलं, मयूरभंजमध्ये गोरुमहिसानीला खनिज आहे, झरियाचा कोळसा दूर नाही. तिथून पुढे सुवर्णरेखा आणि खरकाईच्या संगमावर साकची गाव, म्हणजे आजचं जमशेदपूर, निवडलं गेलं, आणि १९१२ मध्ये तिथे पोलाद निघालं. तोवर जमशेदजी हयात नव्हते.

पण पन्नास वर्षांनी त्याच सोडून दिलेल्या राजहऱ्याच्या खनिजावर भिलाई उभं राहिलं! खनिज तेच, डोंगर तोच. मधल्या काळात कोळशाचं वजन घटलं होतं.

अनुप्रिता · रवि, सकाळी ११:२७

'कोळशाचं वजन घटलं' म्हणजे?

भट्टीवाला · रवि, दुपारी १२:१०

म्हणजे एक टन लोखंड काढायला लागणारा कोळसा कमी झाला. १८२०च्या दशकात स्कॉटलंडमध्ये एक टन लोखंडाला सात-आठ टन कोळसा जायचा. एवढा कोळसा कोण वाहून नेणार? कारखाना कोळशाच्या खाणीच्या तोंडाशीच असायला हवा, खनिज येऊ दे लांबून. मग नीलसनने १८२८ मध्ये भट्टीत थंड हवेऐवजी तापवलेली हवा सोडायची युक्ती काढली आणि काही वर्षांत हा आकडा निम्म्याहून खाली आला. तेव्हापासून तो घसरतोच आहे. आज चांगल्या कारखान्यात एक टन पोलादाला साधारण ०.८ ते ०.९ टन कोकिंग कोळसा आणि सुमारे १.६ टन खनिज लागतं. थोडी चुनखडी वेगळी.

पारडं कसं फिरलं बघा. जे जास्त जड त्याच्याजवळ जायचं. आधी कोळसा जड होता, आता खनिज जड आहे. म्हणून १९५०-६० नंतरचे आपले बरेच कारखाने खाणीकडे झुकलेले दिसतील.

सहज_विचारलं · रवि, दुपारी १:०४

हे सगळं खरं, पण माझ्या मुद्द्याला उत्तर नाही मिळालं. समुद्राचं पाणी फुकट, म्हणून किनारा. बरोबर की नाही?

भट्टीवाला · रवि, दुपारी ३:३६

थोडं बरोबर. समुद्राचं पाणी एकदा फिरवून परत सोडता येतं, म्हणून वीजघरात किंवा उष्णता काढून घेणाऱ्या यंत्रांच्या बाहेरच्या बाजूला ते वापरतात, आणि गोड्या पाण्याची तेवढी बचत होते. पण भट्टीत हवा सोडणाऱ्या तांब्याच्या तोट्या वितळू नयेत म्हणून त्यांच्या पोकळ भिंतींतून पाणी खेळवतात, तिथे खारं पाणी फिरवून दाखवा! क्षार बसतात, धातू खातात. तोटीला भोक पडलं आणि पाणी भट्टीत शिरलं तर पळता भुई थोडी. रोलिंग मिललाही गोडंच पाणी लागतं.

विशाखापट्टणमचा कारखाना समुद्राला चिकटून आहे. आमचं पाणी कुठून यायचं? येलेरूच्या कालव्याने, दीडशे किलोमीटरहून लांबून. उन्हाळ्यात येलेरूची पातळी किती आहे हा आमच्या कॉलनीत क्रिकेटच्या स्कोअरइतका चर्चेचा विषय असायचा. आणि समोर अख्खा बंगालचा उपसागर.

रेक_मास्तर · रवि, रात्री ८:१५

मी मालवाहतुकीत काम करतो (रेल्वे नाही, खासगी), म्हणून किनाऱ्याचं खरं कारण माझ्या बाजूने सांगतो.

आपल्याकडे झरियाच्या कोळशात राख फार. धुऊनसुद्धा सतरा-अठरा टक्क्यांच्या आसपास राहते, ऑस्ट्रेलियाच्या कोळशात नऊ-दहा. राख म्हणजे भट्टीत फुकट तापवायची माती, मग ती वितळवून काढायला चुनखडी जास्त, धातूची मळी जास्त, आणि ते सगळं तापवायला कोक जास्त. म्हणून देशाला लागणाऱ्या कोकिंग कोळशातला बहुतेक वाटा आता आयात होतो, मोठा भाग ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडहून. कोळशाची खाण आता समुद्रापलीकडे आहे असं समजा, मग बंदर हीच तुमची खाण.

आता वजनं बघा. मालगाडीचा एक रेक म्हणजे साधारण चार हजार टन. केपसाइझ म्हणतात ते एक अजस्र मालजहाज म्हणजे एक लाख सत्तर-ऐंशी हजार टन, म्हणजे चाळीसहून जास्त रेक एका खेपेत. त्यामुळे दहा हजार किलोमीटर समुद्रावरून आणायला जो त्रास नाही तो बंदरावर उतरवून पुढचे पाचशे किलोमीटर न्यायला होतो. उतरवा, ढीग करा, वॅगन मिळायची वाट पाहा, भरा, न्या, पुन्हा उतरवा. प्रत्येक वेळी कोळसा थोडा सांडतो, थोडा चुरतो. कारखाना धक्क्याला लागूनच असेल तर जहाजातून पट्ट्यावर आणि पट्ट्यावरून थेट यार्डात.

चिबाकर · रवि, रात्री ९:५२ (इथे मध्यरात्र उलटली)

मी तोक्योच्या खाडीपलीकडे राहतो. याचा सगळ्यात शुद्ध नमुना इथे आहे. जपानकडे ना पुरेसं खनिज ना चांगला कोकिंग कोळसा. कावासाकी स्टीलने चिबाला भराव टाकलेल्या जमिनीवर कारखाना बांधला आणि १९५३ मध्ये पहिली भट्टी पेटवली. त्या वेळी अनेकांना हे वेड वाटलं होतं. कल्पना अशी की एका बाजूच्या धक्क्याला खनिज आणि कोळसा उतरवायचा, माल कारखान्यातून एकाच दिशेने पुढे सरकायचा, आणि दुसऱ्या बाजूच्या धक्क्यावरून पोलाद चढवायचं. उलटसुलट वाहतूक नाही. पुढे कोरियाने १९७३ मध्ये पोहांगला हेच केलं. युरोपातही डंकर्क आणि तारांतो किनाऱ्यावर आले, तेही परदेशी खनिजावर.

पण एक गोष्ट: यात पाणी किती खोल हा खरा प्रश्न. भरलेल्या केपसाइझला अठरा मीटरच्या आसपास खोली लागते. डोलवीला एवढी आहे का? मी पेणच्या खाडीत लहानपणी चिखलच पाहिलाय.

पेणकर · सोम, सकाळी ६:५८

कुठली अठरा मीटर! धरमतरची खाडी आहे ती. मोठं जहाज आत येतच नाही. ते जयगडला लागतं, नाहीतर मुंबईबाहेर उभं राहतं. तिथून बार्ज आणि सात-आठ हजार टनांची छोटी उथळ तळाची जहाजं भरून खाडीतून धरमतरच्या जेट्टीला येतात. भरतीची वेळ साधून येतात. आमच्या गच्चीतून दिसतात, एकामागे एक. पावसाळ्यात उघड्या समुद्रात माल उतरवणं कठीण, म्हणून मेच्या शेवटाला काळे-तांबडे ढीग उंच झालेले असतात. आमच्याकडे लोक त्यावरून पाऊस किती दिवसांवर आलाय ते सांगतात.

पाणी अंबा नदीवरच्या नागोठण्याच्या बंधाऱ्याचं. खाडीचं नाही.

वर्धाकाठ · सोम, सकाळी ९:२०

म्हणजे डोलवीला खोल बंदर नाही, खाण नाही, कोळसा नाही. मग आहे काय? माझा अन्यायाचा मुद्दा अजून उभाच आहे!

रेक_मास्तर · सोम, सकाळी १०:४४

गिऱ्हाईक आहे. आणि सुरुवातीला गॅस होता. हा कारखाना आधी इस्पात कंपनीचा, नव्वदच्या दशकातला. बॉम्बे हायचा नैसर्गिक वायू उरण भागात येतो, त्यावर खनिज न वितळवताच त्यातला ऑक्सिजन काढून स्पंज आयर्न करायचं असा बेत. गॅसवाल्या पद्धतीला कोक लागतच नाही. ब्लास्ट फर्नेस, जेएसडब्ल्यू, दहा दशलक्ष टनांची क्षमता, हे सगळं नंतरचं. एकदा जेट्टी, जमीन, वीज, माणसं झाली की कारखाना तिथेच वाढतो, कारण नवीन जागा शोधण्यापेक्षा ते स्वस्त. शिवाय मुंबई, पुणे, चाकण, नाशिक सगळं ट्रकच्या एका रात्रीवर.

तुमच्या अन्यायाबद्दल: १९५६ पासून १९९२ पर्यंत पोलादाच्या वाहतुकीचा खर्च देशभर सारखा वाटला जायचा. जमशेदपूरजवळच्या कारखानदाराला आणि पुण्याच्या कारखानदाराला पोलाद एकाच भावात. यात मार खाल्ला बिहार-बंगाल-ओडिशाने. फायदा झाला महाराष्ट्राचा.

वर्धाकाठ · सोम, सकाळी ११:०२

महाराष्ट्राचा की पुण्या-मुंबईचा? :)

जालना_रोलिंग · सोम, दुपारी २:३०

एवढी मोठी चर्चा आणि कोणी जालन्याचं नाव घेत नाही! आमच्याकडे सळईच्या किती मिल आहेत ते या बघायला. खाण नाही, कोळसा नाही, बंदर नाही, पाण्याचा तर टँकर. तरी अख्ख्या राज्याचे स्लॅब आमच्या सळईवर पडतात. मग हे खाणीजवळ-किनाऱ्याजवळ सगळं पुस्तकी झालं की नाही?

मला खरं विचारायचं होतं ते वेगळंच. माझ्या इंडक्शन फर्नेसचं अस्तर हल्ली लवकर जातंय, कोणी चांगला रॅमिंग मास सुचवेल का?

भट्टीवाला · सोम, दुपारी ४:१२

अस्तराचा वेगळा धागा काढा, तिथे सांगतो. आधी भंगारात गंज आणि माती किती येते ते बघा.

जालन्याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. तुम्ही खनिजापासून सुरुवातच करत नाही. भंगार आणि स्पंज आयर्न विजेवर वितळवता. एक टन भंगारातून जवळपास टनभर माल निघतो, वजन फार घटत नाही, मग खाणीला चिकटायचं कारण उरत नाही. तुमची खाण म्हणजे शहरातलं भंगार, आणि तुमचा कोळसा म्हणजे विजेचं बिल. त्यातलं स्पंज आयर्न मात्र बघा कुठून येतं. घुग्घुसला चंद्रपूरच्या साध्या कोळशावर ते होतं, कारण फिरत्या भट्टीत ओझं पेलायचं नसतं. म्हणजे वर्धाकाठ, तुमचा कोळसा वाया गेला नाही, त्याला वेगळी वाट सापडली.

अनुप्रिता · सोम, रात्री ८:४०

मग आज कोणी नव्याने भट्टी बांधणार असेल तर खाणीजवळ की किनाऱ्यावर? हो-नाहीत उत्तर द्या.

रेक_मास्तर · सोम, रात्री ९:३५

हो-नाहीत नाही येणार, पण याची तुलना एकाच रेल्वेमार्गावर करता येते. छत्तीसगडातल्या बैलाडिल्याच्या खाणींतून किरंदुल-कोत्तवलसा मार्गाने खनिज विशाखापट्टणमला उतरतं. साठच्या दशकात हा मार्ग जपानला खनिज पाठवण्यासाठी बांधला. त्याच्या समुद्राकडच्या टोकाला विशाखापट्टणमचा कारखाना, आणि खाणीकडच्या बाजूला जगदलपूरजवळ नगरनारला एनएमडीसी या सरकारी खाणकंपनीने बांधलेला, ज्याची भट्टी २०२३ मध्ये सुरू झाली.

एक टन पोलादाचा हिशेब करा. किनाऱ्यावर: १.६ टन खनिज रेल्वेने खाली आणा, कोळसा बंदरातून थेट. खाणीजवळ: ०.८५ टन कोळसा रेल्वेने घाट चढवा आणि, माल किनाऱ्याकडे विकायचा असेल तर, एक टन पोलाद खाली आणा. म्हणजे १.६ विरुद्ध १.८५. किनारा थोडा पुढे. पण पोलाद रायपूर-नागपूरकडेच खपणार असेल तर किनाऱ्यावरच्या कारखान्याला तेच एक टन परत वर आणावं लागतं. मग खाण जिंकते, आणि फरकही मोठा.

भट्टीवाला · मंगळ, सकाळी ७:०५

हिशेब पटला, पण त्यात एक गोष्ट धरलेली नाही: खाण कोणाची? विशाखापट्टणमला स्वतःची लोहखाण नाही. खनिज बाजारभावाने घ्यायचं. आमच्या काळात बंदर शेजारी होतं, भट्ट्या उत्तम होत्या, माणसं कामाची होती, तरी खनिजाचा भाव चढला की ताळेबंद कोसळायचा. भिलाईला राजहरा घरचं होतं. टाटांना नोआमुंडी घरची. वाहतुकीत वाचवलेला पैसा खनिजाच्या भावात जायला किती वेळ लागतो?

रेक_मास्तर · मंगळ, सकाळी ९:४८

काका, तो मालकीचा प्रश्न झाला, जागेचा नाही. उद्या विशाखापट्टणमला खाण दिली तर?

भट्टीवाला · मंगळ, सकाळी १०:१५

दिली तर बोलू. ती मागणी मी नोकरीला लागल्यापासून ऐकतोय.

वर्धाकाठ · मंगळ, दुपारी १२:२२

मग सुरजागडचं काय? खनिज घरचं. सुरजागडजवळच्या हेडरीहून कोनसरीच्या कारखान्यापर्यंत खनिजाचा गाळ वाहून नेणारी पाइपलाइन टाकलीय, म्हणजे त्या वजनाला ट्रकही नकोत. पोलाद नागपुरात खपेल. तुमच्या हिशेबाने आम्ही जिंकायला हवं.

रेक_मास्तर · मंगळ, दुपारी १:५०

खनिजाच्या बाजूने हो. कोकिंग कोळसा मात्र पूर्व किनाऱ्यावरून रेल्वेनेच येणार. तो रेक रिकामा परत जाणार की काही भरून जाणार, यावर बरंच ठरेल. पेलेट, म्हणजे खनिजाच्या भाजलेल्या गोळ्या, भरून बंदराकडे आणि कोळसा भरून परत, अशी जोडी जमली तर भाडं खूप कमी होतं. नाही जमली तर एका बाजूची रिकामी फेरी तुमच्याच खात्यात.

चिबाकर · मंगळ, दुपारी २:३३

जोडी जमवणं बोलायला सोपं. त्याच वॅगनमध्ये आधी कोळसा मग पेलेट, मधे वॅगन साफ कोण करणार? पेलेटमध्ये कोळशाचा चुरा मिसळला तर घेणारा नाक मुरडतो.

रेक_मास्तर · मंगळ, दुपारी ३:१०

त्यावरून माझी दर महिन्याला भांडणं होतात. साफसफाईचा वेळ, वॅगन भरा-उतरवायला मिळणाऱ्या फुकटच्या तासांत धरायचा की नाही, हे अजून कोणी मला लेखी दिलेलं नाही.